गालावरची लव काढल्यावर जबड्यापाशी पुरळ, मेकअप कधी करावा? मदत हवी आहे

माझी त्वचा मिश्र आहे आणि गालांवर दाट लव आहे. त्यावर फाउंडेशन अडकून पांढरट दिसतं, म्हणून घडीचा फेस रेझर वापरते. चेहरा धुऊन पूर्ण कोरडा करते, त्वचा ताणून धरते, पातं तिरकं ठेवून वरून खाली हलक्या हाताने फिरवते. पातं दर वेळी नवीन. रेटिनॉल काही दिवस आधीच बंद करते.

गालांवर फाउंडेशन सुरेख बसतं. पण जबड्याच्या कडेला, जिथे केस वेगवेगळ्या दिशांनी वाढतात, तिथे त्याच दिवशी मेकअप केला की चुरचुरतं आणि दुसऱ्या दिवशी बारीक लाल पुरळ येतं. पुरळ असताना तिथे रेझर लावत नाही. बॅटरीचा ट्रिमर वापरून पाहिला. त्याने पुरळ येत नाही, पण खुंट राहतात आणि पावडर त्यांवर बसते.

केस जाड होतात का, ही शंका नाही. टोक बोथट झाल्याने तसं वाटतं, एवढं माहीत आहे. थ्रेडिंग, वॅक्स, लेझर नको आहे.

पुढच्या महिन्यात घरात लग्न आहे. जबड्यापुरता ट्रिमर आणि गालांना रेझर असं कुणी करतं का? आणि रेझरनंतर किती दिवसांनी मेकअप केला तर चुरचुरत नाही?