अनुभव धागा : ‘तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय, कॅमेरा बंद करू नका’

साताऱ्याची लेक

आईची परवानगी घेऊन लिहिते आहे. आई ६८ वर्षांची, निवृत्त शिक्षिका, साताऱ्यात एकटी राहते. मी पुण्यात.

सोमवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास तिला फोन आला. आधी रेकॉर्ड केलेला आवाज : तुमचं पार्सल अडकलं आहे, माहितीसाठी ९ दाबा. तिने दाबला. मग कुरिअरचा म्हणवणारा माणूस हिंदीत, अगदी अदबीने बोलला. तुमच्या नावाने मुंबईहून तैवानला पार्सल जात होतं, त्यात पाच पासपोर्ट, बँकेची कार्डं आणि १४० ग्रॅम एमडीएमए सापडलं. आई म्हणाली, मी काही पाठवलेलं नाही. त्यावर तो म्हणाला, “मग मॅडम, तुमच्या आधारचा कुणीतरी गैरवापर केलाय. तुम्ही लगेच तक्रार द्या, मी मुंबई सायबरला जोडून देतो.” आणि तिच्या आधारचे शेवटचे चार आकडे त्याने वाचून दाखवले.

आई इथेच अडकली. त्याने तिला आरोपी म्हटलंच नाही, उलट मदत देऊ केली. पुढचा व्हिडिओ कॉल तिने आपणहून घेतला, तक्रार द्यायची म्हणून.

समोर खाकीतला माणूस, मागे बोधचिन्ह, पार्श्वभूमीला वायरलेसची खरखर. पहिला प्रश्न : घरात अजून कोण आहे? दुसरं काम : फोन फिरवून खोली दाखवा. तिसरं : दार लावून घ्या. मग दोन तास ‘जबाब’ चालला आणि त्यातच कुठल्या बँकेत किती, एफडी किती, हे सगळं आईने स्वतःच्या हाताने कागदावर लिहून कॅमेऱ्याला दाखवलं. संध्याकाळी तिच्या नावाचं अटक वॉरंट आलं, शिक्क्यासकट. तुमच्या खात्यांची रिझर्व्ह बँकेकडून पडताळणी होईपर्यंत तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, मुलीला सांगितलंत तर तीही गुन्ह्यात येईल, असं बजावलं. रात्री फोन चार्जरला लावून कॅमेरा पलंगाकडे. आई दिवा न मालवता, पांघरुणाबाहेर हात ठेवून झोपली, कारण हात दिसले पाहिजेत असं त्यांनी सांगितलं होतं.

मंगळवारी बँकेत जाऊन तिने ११ लाखांची एफडी मोडली आणि १२ वाजून ४० मिनिटांनी आरटीजीएस केलं. ‘४८ तासांत प्रमाणपत्रासह परत.’ मी दिवसभर फोन करत होते, उचलत नव्हती. शेवटी मावसभाऊ संध्याकाळी सातला घरी गेला. आईने दार किलकिलं उघडून ओठांवर बोट ठेवलं. त्याने आत जाऊन फोन बंद केला.

तुमच्याकडे असं घडलं असेल तर लिहा. मला विशेषकरून हे समजून घ्यायचंय : कॅमेरा चालू असतानाच्या त्या तासांत काय चालतं, आणि ती साखळी नेमकी कशाने तुटली?

काउंटर क्र. ३

ताई, मी बँकेत आहे, २२ वर्षं. साखळी तुटण्याची शेवटची जागा बहुतेक वेळा आमचा काउंटर असतो, म्हणून आमच्याकडचा एक प्रसंग सांगते.

एक काका आले, सत्तरीचे, नेहमीचे ग्राहक. एफडी मोडायची आणि लगेच आरटीजीएस. एरवी नातवाबद्दल बोलणारा माणूस, त्या दिवशी नजर वर करेना. शर्टाच्या खिशात फोन उभा ठेवलेला आणि कॅमेऱ्याचा भाग खिशाबाहेर. मी विचारलं, कशासाठी हवेत? “फ्लॅटचं टोकन.” एका दमात, पाठ केल्यासारखं. फॉर्मवर पैसे घेणाऱ्याचं नाव बघितलं तर परराज्यातली कुठलीशी ट्रेडिंग फर्म. बिल्डर नाही, एजंट नाही.

मी तोंडाने काही बोलले नाही, कारण पलीकडचा ऐकत असतो. पैसे भरण्याच्या स्लिपच्या मागे लिहिलं, ‘फोनवर पोलीस आहेत का? असतील तर फक्त सही करा.’ काकांनी सही केली. पेन कागद फाटेल इतकं दाबलं होतं त्यांनी. मी मोठ्याने म्हटलं, सर्व्हर डाऊन आहे, तासभर लागेल. मग मॅनेजरच्या केबिनमध्ये नेऊन फोन काढून घेतला. तरीही पहिली पंधरा मिनिटं ते आमच्यावरच चिडत होते, माझं वॉरंट निघेल म्हणून.

कारण काय सांगायचं हे त्यांना आधीच पढवलेलं असतं. त्यामुळे “कशासाठी हवेत” विचारून भागत नाही. “हा माणूस तुमचा कोण, त्याला कधी भेटलात” असं विचारलं की गडबड होते.

हिंजवडीची बस

मला बसमध्येच आला होता हा कॉल. मी ४० मिनिटं अडकलो, सांगायला संकोच वाटतो, पण खरं आहे. ‘बसमधून उतरा आणि एकांतात जा’ म्हणाले, तेव्हा मी वाकड पुलाखाली उतरलोसुद्धा. शेजारून भाजीवाल्याची गाडी गेली, लाउडस्पीकर लावलेली. साहेब ओरडला, “कौन है तुम्हारे साथ?” त्या ओरडण्यात इतकी घाबरगुंडी होती, की मला वाटलं, हा पोलीस कशाला घाबरेल? कट केलं. नंतर नऊ वेळा फोन आला.

सगळ्यांनी एम-आधारवर जाऊन आधार लॉक करून ठेवा. मग काही होत नाही.

काउंटर क्र. ३

बायोमेट्रिक लॉक जरूर करा, पण ते बोटाच्या ठशावर पैसे काढले जाण्यापासून वाचवतं. इथे ठसा कुणी चोरत नाही, माणूस स्वतः बँकेत येऊन सही करतो. ते कुठलंच लॉक अडवू शकत नाही.

कोथरूडची सुमनताई

माझ्यासोबतही पार्सलचंच झालं. इंग्लंडमधल्या एका ओळखीच्यांनी भेटवस्तू पाठवली, दिल्लीच्या कस्टममध्ये अडकली म्हणून ३५ हजार भरा असा फोन आला. मी भरले. व्हिडिओ वगैरे काही नव्हता. हेच का ते?

साताऱ्याची लेक

सुमनताई, वाईट वाटलं वाचून. ही चाल वेगळी आहे, तिथे भेटीची ओढ लावतात, इथे अटकेची भीती. पण तुम्हीही तक्रार नोंदवली नसेल तर cybercrime.gov.in वर नोंदवा.

निवृत्त हवालदार, नाशिक ग्रामीण

३१ वर्षं नोकरी केली. अमली पदार्थ सापडला तर माल असतो तिथे पंच बोलावतात, पंचनामा होतो, मालाला सील लागतं. संशयिताला आधी फोन करून सावध कोण करेल? हजर राहायची नोटीस फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, म्हणजे बीएनएसएसच्या, कलम ३५ खाली निघते, आणि ती व्हॉट्सॲपवर बजावता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलंय. महिलांना आणि साठीपुढच्यांना साक्षीदार म्हणून चौकशीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसानेच घरी जायचं असतं. डिजिटल अरेस्ट हा शब्द कुठल्याच कायद्यात नाही. पोलीस ऑनलाइन काहीच करत नाहीत, एवढं लक्षात ठेवा.

जिल्हा कोर्टाची पायरी

हवालदारसाहेबांशी बहुतेक सहमत, शेवटच्या वाक्याशी नाही. नव्या कायद्यात कोर्टाचं समन्स इलेक्ट्रॉनिक पद्धतीने येऊ शकतं, साक्षीही व्हिडिओवर होतात. नेमकं हेच हे लोक वापरतात. २०२४ मध्ये वर्धमान समूहाचे एस. पी. ओसवाल यांना सर्वोच्च न्यायालयाची खोटी ऑनलाइन सुनावणी दाखवली होती, तत्कालीन सरन्यायाधीशांचं सोंग घेऊन. सात कोटी गेले. तेव्हा ‘ऑनलाइन म्हणजे खोटं’ ही खूण पुरेशी नाही. मी अशिलांना दोनच खुणा सांगते : कुणाला सांगू नका म्हणाले, किंवा तपास संपेपर्यंत पैसे अमुक खात्यात ठेवा म्हणाले. खरा तपास खातं गोठवतो, पैसे स्वतःकडे मागवत नाही.

निवृत्त हवालदार, नाशिक ग्रामीण

मान्य. गोठवायचं असेल तर बँकेला पत्र जातं, माणसाला नाही.

अजून नाव नको

शिकलेली माणसं फोन का कापत नाहीत, असं माझ्या नवऱ्याने मला विचारलं होतं. मी डॉक्टर आहे, वय ४१. माझे १९ तास गेले, म्हणून उत्तर देते.

ते तुम्हाला विचार करायला रिकामं ठेवत नाहीत. दर तासाला ‘आय ॲम सेफ’ असा मेसेज टाकायचा. मध्येच एक जण शिव्या देतो, मग दुसरा ‘सीनियर’ येतो आणि म्हणतो, ताई पाणी प्या, तुम्ही निर्दोष आहात हे मला दिसतंय. मला त्या दुसऱ्याचा आधार वाटायला लागला होता. बाथरूमला जातानाही फोन न्यायचा. मी तो नळाला टेकवून भिंतीकडे वळवून ठेवला, तर दोन मिनिटांत ‘कॅमेरा, कॅमेरा’ सुरू. सकाळी धुण्याभांड्याच्या मावशींनी बेल वाजवली. मला त्यांनी मावशींना परत पाठवायला सांगितलं. मी दारातून म्हटलं, आज नको. मावशी म्हणाल्या, “तुमचा चेहरा असा का झालाय?” आणि मला न विचारता आत आल्या, फोन उचलून पाहिला आणि म्हणाल्या, हा कोण मेला? मी तिथेच खाली बसून रडले. पैसे गेले नव्हते. पाच मिनिटं उशीर झाला असता तर गेले असते, लॅपटॉपवर बँकेचं पान उघडंच होतं.

मस्कतहून

आमच्या बाबांचा फोन सहा तास ‘व्यस्त’ होता. समोरच्या बिऱ्हाडातल्या वहिनींना फोन करून जायला सांगितलं, वाचले. तेव्हापासून आमच्या घरात ठरलंय, फोन तीनदा लागला नाही की शेजारी दार वाजवतील, आणि बाबांनी रागवायचं नाही.

गल्लीतलं दुकान

माझी बाजूही ऐका. माझं किराणा दुकान आहे. एका अनोळखी गिऱ्हाइकाने क्यूआरवर १,८०० रुपये दिले. महिन्याने माझं चालू खातं बंद. कुठल्या तरी फसवणुकीचे पैसे फिरत फिरत माझ्याकडे आले म्हणे, तक्रार दुसऱ्या राज्यातली. १,८०० धरा की, सगळं खातं का? दोन महिने व्यापाऱ्यांचे पैसे अडकले.

जिल्हा कोर्टाची पायरी

दादा, वादातल्या रकमेपुरताच होल्ड ठेवावा असं काही उच्च न्यायालयांनी म्हटलंय, पण प्रत्यक्षात सगळीकडे तसं होत नाही. बिल आणि दुकानाचा परवाना जोडून तपास अधिकाऱ्याला लेखी द्या, प्रत बँकेला. नाहीच झालं तर न्यायालय.

साताऱ्याची लेक

बऱ्याच जणांनी विचारलं की पैशांचं काय झालं. आम्ही रात्री साडेआठला सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन केला. त्यांनी आईचं खातं, रक्कम, वेळ आणि आरटीजीएसचा यूटीआर नंबर विचारला. यूटीआर पासबुकात नव्हता, बँकेच्या मेसेजमध्ये होता, आणि तो मेसेज आईने त्या लोकांच्या सांगण्यावरून पुसला होता. शेवटी ईमेलमध्ये सापडला. त्यात पाऊण तास गेला. ११ लाख तोवर पहिल्या खात्यातून अनेक खात्यांत वाटले गेले होते. २ लाख ६४ हजारांवर होल्ड लागला. ते परत मिळायला कोर्टाचा आदेश लागेल, अर्ज केलाय, तारीख पडायची आहे. बाकीच्यांचा पत्ता नाही.

काउंटरवाल्या ताई, तुमचा प्रसंग आईला वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मलाही तिथल्या मुलीने विचारलं होतं, कशाला हवेत? मी म्हटलं, लेकीला घर घ्यायचंय. ती म्हणाली, अरे वा, अभिनंदन.”

आई अजून फोन पालथा घालून ठेवते. व्हिडिओ कॉल उचलत नाही, माझासुद्धा.