अनुभव धागा: कॉफीवरचा पहिला बदाम कसा जमला?

ओंजळ (धागाकर्ती, पुणे)

चार महिन्यांपूर्वी घरी छोटं एस्प्रेसो मशीन घेतलं. कॉफी चांगली होते, पण दूध ओतून वर काढायचा तो पत्त्यांतल्यासारखा बदाम काही उमटत नाही. कधी नुसता पांढरा ढग येतो, कधी काहीच येत नाही, सगळा कप एकसारखा फिकट तपकिरी होऊन बसतो. व्हिडिओ पुष्कळ पाहिले, पण त्यांत हात दिसतो, दूध कसं आहे ते कळत नाही.

तुमचा पहिला बदाम कसा जमला? दुधाचं, कप किती तिरका धरायचा याचं, किती उंचीवरून ओतायचं याचं, काय बदललं म्हणून जमलं, ते लिहा. मोर आणि हंस नंतर, आधी साधा बदाम.

वाफाळ (पूर्वी मेलबर्न)

शिकायला मेलबर्नला होतो तेव्हा एका कॅफेत तीन वर्षं काम केलं. पहिल्या महिन्यात मला कुणी ओतूच दिलं नाही, फक्त दूध वाफवायला लावलं. तेव्हा राग यायचा. पण बदाम हातात असतो त्याहून जास्त दुधात असतो, हे त्या महिन्यात कळलं.

तुमचा 'पांढरा ढग' म्हणजे फेस जास्त आणि जाड. 'काहीच येत नाही' म्हणजे दूध पातळ राहिलं, किंवा शेवटपर्यंत उंचावरून ओतलं. दोन वेगळी दुखणी आहेत, एका औषधाने जाणार नाहीत.

दुधाचं असं करून बघा. ३५० मिलीचा पिचर, त्यात फ्रिजमधलं गार दूध, चोचीचा खालचा भाग सुरू होतो तिथपर्यंत. वाफेच्या नळीचं टोक पृष्ठभागाच्या जेमतेम खाली ठेवा. कागद हळू फाडल्यासारखा 'च्स्‌ च्स्‌' आवाज आला पाहिजे. खदखद ऐकू आली तर टोक फार वर आहे, किंचाळल्यासारखा आवाज आला तर फार खाली. ही हवा भरायची वेळ थोडीच असते. पिचरचा गारवा हाताला जाणवेनासा झाला, म्हणजे साधारण अंगाच्या उष्णतेइतकं दूध झालं, की हवा बंद. टोक थोडं खाली न्या, पिचर किंचित तिरका करा, म्हणजे दूध भोवऱ्यासारखं फिरायला लागेल. हा भोवरा मोठे बुडबुडे मोडून बारीक करतो. तळहात सेकंदभरही टेकवता येत नाही असं झालं की वाफ बंद, तेव्हा ६० अंशांच्या आसपास असतं. बंद केल्यावरही तापमान थोडं चढतंच.

मग पिचर ओट्यावर एकदा आपटा आणि गोल गोल फिरवत राहा. दूध ओल्या ऑइलपेंटसारखं चकाकलं पाहिजे. वर कोरडा फेस आणि खाली पातळ दूध असं दिसलं, तर त्यातून बदाम होणार नाही. पिऊन टाका आणि पुन्हा करा.

डेकॉक्शन (माटुंगा)

आमच्याकडे तीन पिढ्या फिल्टर कॉफी. फेसासाठी मशीन कशाला हवं? टंबलर उंच धरायचा, डबऱ्यात हातभर धार सोडायची, चारपाच वेळा इकडून तिकडे. वर बोटभर फेस येतो. ओंजळताई, उंची वाढवा, फेस येईल.

वाफाळ

काका, तुमच्या कॉफीला माझा नमस्कार, पण इथे उंची उलटं काम करते. तुमची धार हवा ओढून घेते आणि मोठे बुडबुडे करते. ते कॉफीवर बसतात आणि मिनिटभरात विरतात. इथे फेस आधीच दुधात मिसळलेला असतो. उंचावरून बारीक धार सोडली की ती जोरात खाली जाते, एस्प्रेसोवरचा तपकिरी फेसाचा थर, म्हणजे क्रेमा, भेदून तळाशी पोचते आणि पांढरं वर येत नाही. चोच पृष्ठभागाला चिकटेल इतकी खाली आणली की धारेत जोर उरत नाही, दूध बुडत नाही, वर पसरतं. उंच म्हणजे लपवायचं, खाली म्हणजे काढायचं. बदामाचं सगळं गणित या दोन उंचींत आहे.

गोठ्यातला (कोल्हापूर)

मी म्हशीचं दूध वापरतो आणि माझा बदाम ठसठशीत येतो. साय जास्त तेवढा फेस जास्त, साधं आहे. पिशवीतल्या टोन्ड दुधाचं काय होणार?

दुधाळ दुपार (आणंद)

मी डेअरीत प्रयोगशाळेत आहे, म्हणून थोडं बोलते. फेस धरून ठेवतात ती दुधातली प्रथिनं, साय नाही. म्हणून कमी स्निग्धांशाच्या दुधालाही भरपूर फेस येतो, पण तो कोरडा आणि ताठ वाटतो. स्निग्धांशाने तो मऊ होतो आणि चव भरते. म्हशीच्या दुधात दोन्ही जास्त असतात, त्यामुळे तुमचा अनुभव खरा आहे, कारण फक्त वेगळं. टोन्ड दुधात ३ टक्के स्निग्धांश आणि साडेआठ टक्के इतर घनपदार्थ असतात, तेवढ्यात बदाम उत्तम होतो. शिकताना मी टोन्डच घेईन, म्हशीचं दूध लवकर दाट होतं आणि चूक करायला वेळ देत नाही.

एक मात्र नक्की बघा. पिशवी फोडून दोनतीन दिवस झाले असतील तर फेस सोड्यासारखा चुरचुरतो आणि बसतो. दुधातला स्निग्धांश फुटू लागला की फेस टिकत नाही. चव बिघडायच्या आधीच हे दिसतं, त्यामुळे हाताला दोष देण्याआधी पिशवीवरची तारीख पाहा.

गोठ्यातला

तापवलेलं दूध चालतं का? घरी कच्चं कोण ठेवतो?

दुधाळ दुपार

गाळून, पूर्ण गार करून चालतं, असा माझा अनुभव. सायीचा तुकडा राहिला तर चोचीत अडकतो आणि धार तुटते. माझ्या बहिणीला मात्र तापवलेल्या दुधाने एकदाही जमलं नाही. का, ते आम्हा दोघींनाही कळलेलं नाही.

डावखुरी (ठाणे)

माझा प्रश्न वेगळा होता. बदाम यायचा, पण पाहुण्याच्या हातात कप दिला की तो आडवातिडवा दिसायचा. बदामाचं टोक धार जिथे संपते तिकडे येतं. उजवा माणूस कपाचा कान स्वतःकडे ठेवून ओततो, म्हणून पिणाऱ्याने उजव्या हाताने कान धरला की बदाम सरळ दिसतो. मी पिचर डाव्या हातात धरते, तेव्हा कान माझ्यापासून लांब, समोरच्या बाजूला ठेवावा लागतो. व्हिडिओ आरशात बघितल्यासारखा उलटा करून शिकले. कुणी डावखुरं असेल तर एवढ्यासाठी आठवडा घालवू नका.

वाफाळ

हे मी कधी सांगितलंच नव्हतं कुणाला, उजव्या हाताच्या माणसाला सुचत नाही. धन्यवाद.

आता कप तिरका का, तेही सांगतो. तिरकेपणा शोभेसाठी नसतो. अर्धा भरलेला कप सरळ धरला तर कॉफी तळाशी आणि चोच काठावर, मध्ये बरंच अंतर. मग कितीही खाली आणा, दूध उंचावरूनच पडतं. कप पिचरकडे झुकवला की कॉफी काठाजवळ येते आणि चोच तिला भिडू शकते. किती झुकवायचा? कॉफी सांडायच्या जरा अलीकडे. जसा कप भरेल तसा सरळ करत आणायचा.

खलबत्ता (नागपूर)

माझ्याकडे मशीन नाही. मोका पॉट आणि फ्रेंच प्रेस. दूध भांड्यात हाताला चटका बसेल इतकं तापवते, प्रेसमध्ये एक तृतीयांश ओतते आणि दांडा वरच्या थरात पंधरावीस वेळा भराभर हलवते. मग छोट्या पिचरमध्ये काढून आपटते, फिरवते. वाफेइतकं रेशमी होत नाही, पण बदाम येतो. अडचण कॉफीची आहे. मोका पॉटच्या कॉफीवर एस्प्रेसोसारखा क्रेमा नसतो, त्यामुळे बदामाच्या कडा पुसट होतात. मी ओतण्याआधी गाळणीने चिमूटभर कोको भुरभुरते, त्याने पांढरं उठून दिसतं.

जुना कप (मुंबई)

कोको घालून केलेला बदाम मला खरा वाटत नाही. क्रेमावर उमटलेला तोच बदाम.

खलबत्ता

दूध तेच, ओतणं तेच, धार मीच कापते. सरावाला मला काय चुकलं ते स्पष्ट दिसतं, म्हणून मी कोको सोडणार नाही.

ओंजळ

रविवारी सकाळी सगळं वाचून बसले. लिहून ठेवते, कुणाला उपयोगी पडेल.

आधी दूध वाया जाऊ नये म्हणून पिचरभर गार पाण्यात भांड्याच्या साबणाचा एकच थेंब टाकून वाफेचा आवाज ओळखायचा सराव केला. दहा मिनिटांत 'च्स्‌' आणि खदखद यांतला फरक कानाला कळला. पिचर आणि नळी नीट धुऊन मग दूध घेतलं.

पहिला कप: दूध चकचकीत, पण वाफवून मी एस्प्रेसो काढायला गेले. परत येईतो फेस वर आणि दूध खाली. आधी पातळ दूध पडलं, शेवटी गोळा. तेव्हापासून कॉफी आधी काढते.

दुसरा कप: सगळं चार बोटं उंचीवरून ओतलं. एकसारखा तपकिरी.

तिसरा: घाबरून सुरुवातच खालून केली. फेस लगेच वर पसरला, क्रेमा फाटला, सगळं करडं झालं. बदामाला गडद पाटीच उरली नाही.

चौथा: १८० मिलीचा कप झुकवला, चार बोटं उंचीवरून बारीक धार मध्यभागी, जरा फिरवत. अर्ध्याच्या किंचित वर भरल्यावर चोच एकदम खाली, जवळजवळ कॉफीला टेकवली आणि धार जाड केली. पांढरा ठिपका आला! हात तिथेच स्थिर ठेवला, ठिपक्याचं वर्तुळ झालं, मी कप सरळ करत आणला. पण काठोकाठ भरल्यावर धार कापायला विसरले. गोल चंद्र.

पाचवा: तसंच, फक्त काठाला थोडी जागा असतानाच पिचर दोन बोटं उचलला, धार सुतासारखी केली आणि वर्तुळाच्या मधून पलीकडच्या काठाकडे सरळ नेली. धारेबरोबर मधला पांढरा भाग ओढला गेला, अलीकडे खाच पडली, पलीकडे टोक आलं. उजवी बाजू जरा फुगीर आहे, पण बदाम आहे. आईला दिला, तिने कप फिरवून फिरवून पाहिला आणि साखर घालायची कशी असं विचारलं.

वाफाळ

ओंजळताई, एक बाजू फुगीर म्हणजे ठिपका मध्यभागी नव्हता, किंवा कप सरळ करताना तो बाजूला कलला. पुढच्या वेळी चोचीकडे नाही, ठिपक्याकडे बघा. आणि साखर एस्प्रेसोतच ढवळून घ्या, दूध ओतण्याआधी.

डेकॉक्शन

आमच्या सूनबाईने आज वाफेच्या दुधाचा बदाम फिल्टर कॉफीवर काढायला घेतला आहे. डेकॉक्शन दाट काढलं तर धरेल का? कुणी केलं असेल तर लिहा.