अनुभव धागा: विलीनीकरणाच्या घोषणेनंतर शाखेत काय सांगितले गेले?

धागाकर्ती

30 ऑगस्ट 2019 रोजी दहा सरकारी बँकांच्या चार बँका करण्याची घोषणा झाली आणि 1 एप्रिल 2020 पासून ती अमलात आली. मधल्या सात महिन्यांत आपली शाखा, आपले गाव आणि आपली ज्येष्ठता यांपैकी काय टिकणार, हे शाखेतल्या कोणालाच ठाऊक नव्हते. त्या काळात किंवा अन्य क्षेत्रांतल्या अशाच फेररचनेत वरिष्ठ तुमच्याशी काय बोलले, किंवा तुम्ही सहकाऱ्यांशी काय बोललात, ते कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त शाखाधिकारी

विलीन होणाऱ्या एका बँकेच्या तालुक्यातील शाखेचा कारभार तेव्हा माझ्याकडे होता. ज्या बँकेत आम्ही जाणार होतो तिची शाखा रस्त्याच्या पलीकडेच असल्यामुळे दोहोंपैकी एक बंद होणार, हे शिपायापासून सर्वांना दिसत होते. संध्याकाळी रोकड जुळल्यावर मी सर्वांना बसवले आणि एका कागदाचे दोन भाग केले. डावीकडे ठरलेले होते, पण त्या दिवशी तिथे लिहिण्यासारखे फारच थोडे होते. नोकऱ्या जाणार नाहीत असे अर्थमंत्र्यांनी सांगितले होते. मात्र विलीनीकरणाची योजना राजपत्रात आली ती मार्च 2020 मध्ये, म्हणून तोवर त्या मुद्द्यापुढे मी ‘सांगितले आहे, लिहून आलेले नाही’ असा शेरा ठेवला. उजवीकडे कोणती शाखा राहणार, ज्येष्ठता कशी धरणार आणि संगणक प्रणाली कधी बदलणार हे प्रश्न होते, आणि प्रत्येकापुढे ते कोण ठरवणार हेही लिहिले होते. दर सोमवारी तो कागद पुन्हा वाचायचा, काही नवे नसेल तर ‘काही नवे नाही’ एवढेच सांगायचे, असे ठरवले. काही आठवड्यांनी प्रादेशिक कार्यालयात कोणी काय ऐकले याची रोजची चौकशी आपोआप कमी झाली.

आमच्या एका लिपिक बाईंचा मुलगा दहावीत होता. परीक्षेपर्यंत बदली होणार नाही एवढे तरी सांगा, असे त्या म्हणाल्या. ते माझ्या हातात नसल्याचे सांगून मी त्यांच्याकडून तेव्हाच लेखी विनंती घेतली, शिफारस जोडून वर पाठवली आणि पोच त्यांच्या हाती दिली. त्यांचे समाधान झाले असे मी म्हणणार नाही, पण भाड्याचे घर सोडायचे की करार वाढवायचा हे त्यांना ठरवता आले, आणि त्यांनी करार वाढवला.

पुण्याहून एक वाचक

विलीनीकरणात कोणालाही कमी करता येत नाही असा कायदाच आहे, त्यामुळे बँकवाल्यांना घाबरण्याचे कारणच नव्हते, असे मला वाटते.

संघटनेतील कार्यकर्ता

हे अर्धेच खरे आहे. संरक्षण आले ते त्या विलीनीकरणाच्या योजनेतून. सेवाशर्ती आधीपेक्षा वाईट नसाव्यात, असे तीत होते. बदली तिने थांबत नाही आणि ऐच्छिक निवृत्तीही रोखली जात नाही. 2017 साली सहयोगी बँका स्टेट बँकेत विलीन झाल्या तेव्हा ऐच्छिक निवृत्तीची योजना आलीच होती. आमच्या भागातील एका अधिकाऱ्याने सभेत ‘कोणाचेही टेबल हलणार नाही’ असे ठामपणे सांगितले होते. बदल्यांची पहिली यादी लागल्यावर लोकांचा त्याने पगारासंबंधी दिलेल्या खऱ्या माहितीवरही विश्वास उरला नाही, आणि पुढे तीच माहिती आम्हाला परिपत्रक दाखवून पटवावी लागली.

खातेदार, सांगली

माझ्या धनादेश पुस्तिकेचे काय होणार हे मात्र मला कोणीच धड सांगितले नाही. आयएफएससी क्रमांक बदलल्यावर भविष्य निर्वाह निधीच्या कार्यालयात माझी किती धावपळ झाली, ते विचारू नका.

धागाकर्ती

आपली अडचण खरी आहे, पण हा धागा कर्मचाऱ्यांशी झालेल्या बोलण्याविषयी आहे.

हिंजवडीतील संघप्रमुख

आमच्याकडे फेररचना जाहीर झाली तेव्हा माझ्या संघातील दोन जागा जाणार हे मला कळले होते, पण नावे जाहीर होईपर्यंत न बोलण्याचे बंधन होते. ‘मला माहीत नाही’ हे खोटे ठरले असते. म्हणून ‘काही गोष्टी मला माहीत आहेत, त्या आज सांगता येत नाहीत, शुक्रवारी प्रत्येकाशी स्वतंत्र बोलेन’ असे मी सांगितले. दोघांनी नंतर त्याबद्दल आभार मानले, तर तिसरी म्हणाली की त्या चार दिवसांत तिला झोप लागली नाही, त्यापेक्षा मी गप्प राहिलो असतो तर बरे झाले असते. तिचे म्हणणे चूक आहे असे मला अजूनही म्हणता येत नाही.

पिग्मी एजंटची मुलगी

शाखाधिकारी साहेबांना विचारायचे आहे, तुमच्या त्या सभेला पिग्मी गोळा करणाऱ्यांना बोलावले होते का? माझ्या वडिलांना ही बातमी बाजारपेठेतल्या दुकानदारांकडून कळली.

निवृत्त शाखाधिकारी

बोलावले होते, कारण दुकानदार पहिला प्रश्न त्यांनाच विचारणार होते. मात्र ते कमिशनवर काम करत असल्याने कर्मचाऱ्यांविषयीची कलमे त्यांना आपोआप लागू होणार नाहीत, हेही त्यांना त्याच बैठकीत सांगितले. त्यांचा प्रश्न मी प्रादेशिक कार्यालयाला लेखी विचारला होता. माझी बदली होईपर्यंत उत्तर आले नव्हते, आणि कागदाच्या उजव्या भागात तो मुद्दा तसाच ठेवून मी कार्यभार सोपवला.