दुसरा डोस वॉर्डाच्या वेळेला की रुग्णाच्या वेळेला?

औषधशास्त्राची विद्यार्थिनी, फोंडा
मूत्रमार्गातून सेप्सिस झालेल्या रुग्णाला कॅज्युअल्टीत रात्री 9.30 ला पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टमचा 4.5 ग्रॅमचा पहिला डोस मिळाला. आदेश दर सहा तासांचा आहे आणि वॉर्डाच्या ठरलेल्या वेळा 6 आणि 12 अशा आहेत. दुसरा डोस पहाटे 3.30 ला द्यावा की 6 ला? माझ्या मते अडीच तासांनी फरक पडत नाही आणि वेळ ठरवणे हे नर्सचे काम नव्हे.

स्टाफ नर्स, म्हापसा
फरक पडतो, आणि तो पहिल्या रात्रीच सर्वांत जास्त पडतो. आमच्याकडे आम्ही 3.30 ला डोस देतो, मग सकाळी 8, दुपारी 12, आणि तिथून पुढे वॉर्डाची वेळ धरतो, म्हणजे डोस पुढे न ढकलता अलीकडे ओढतो. मूत्रपिंडाचे काम बरे असेल तरच हे करायचे आणि ड्युटीवरील डॉक्टरांना सांगूनच करायचे. पहिल्या डोसची खरी वेळ कॅज्युअल्टीच्या कागदावर राहते आणि वॉर्डाच्या चार्टवर येत नाही, इथेच घोळ होतो. म्हणून रुग्ण ताब्यात घेताना मी सर्वप्रथम तीच वेळ विचारते.

निवासी डॉक्टर, मडगाव
तत्त्व मान्य आहे, पण रात्री एका नर्सकडे अख्खा वॉर्ड असतो. प्रत्येक रुग्णाचे वेगळे वेळापत्रक ठेवले तर दुसऱ्याच कुणाचा डोस चुकेल, आणि ठरलेल्या वेळा याच कारणासाठी असतात. माझ्या मते खरा तोटा कल्चर आधी न घेतल्याने होतो.

विद्यार्थिनी, फोंडा
मी हिशेब केला. अर्ध्या तासाच्या इन्फ्युजननंतर 10 वाजता रक्तातील पातळी सुमारे 300 मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर असते आणि अर्धायु सुमारे एक तास धरला, तर ती जिवाणू रोखायला लागणाऱ्या 8 च्या खाली पहाटे सव्वातीनला जाते. म्हणजे साडेआठ तासांपैकी पावणेसहा तास, दोन तृतीयांश काळ, औषध पुरेसे आहे. पेनिसिलिन गटाला निम्मा काळ पुरतो असे आम्हाला शिकवले आहे.

औषधशास्त्राचे अध्यापक, पणजी
हिशेबाची रीत बरोबर आहे, पण सुरुवातीचा आकडा या रुग्णाचा नाही. पिपरॅसिलिनचा सुमारे 30 टक्के भाग प्रथिनांना चिकटलेला असतो आणि जिवाणूवर केवळ मुक्त भाग काम करतो. शिवाय सेप्सिसमध्ये शिरेतून भरपूर द्रव दिलेला असतो आणि केशवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपते, त्यामुळे औषध जास्त जागेत पसरते. उदाहरणादाखल पातळी निम्मी धरा: 150, त्यातील मुक्त 105. ही 8 च्या खाली पावणेदोनच्या सुमारास जाते आणि पुढचा डोस 6 ला दिला तर संरक्षित काळ निम्म्यापेक्षा थोडा कमी भरतो. डोस 3.30 ला दिला तर तोच काळ सहापैकी सव्वाचार तास होतो. मूत्रपिंड मंद असेल तर औषध रेंगाळते आणि उशिराचे नुकसान घटते, त्यामुळे क्रिएटिनिन न पाहता कुणीही ठाम बोलू नये.

कल्चरबद्दल डॉक्टरांशी मी सहमत आहे. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्याच रुग्णांचे रक्त औषधापूर्वी आणि औषधानंतर दोन तासांच्या आत घेतले, तेव्हा कल्चर पॉझिटिव्ह येण्याचे प्रमाण 31.4 वरून 19.4 टक्क्यांवर आले. दोन वेगळ्या जागांवरून रक्त घ्यावे, प्रत्येक बाटलीत 8 ते 10 मिलिलिटर, आणि टोचण्यापूर्वी त्वचेवरील क्लोरहेक्सिडिन वाळू द्यावे. मात्र बाटल्या मिळत नाहीत म्हणून शॉकमधील रुग्णाचा डोस अडवू नये. कल्चरसाठी पाऊण तासापेक्षा अधिक थांबणे योग्य नाही.

निवृत्त शिक्षक, साखळी
माझ्या पत्नीला घरी सोडताना अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट 625 दिवसातून तीनदा दिले होते. आम्ही सकाळी 8, दुपारी 1 आणि रात्री 8 ला जेवणाबरोबर दिले. हे चुकले का?

स्टाफ नर्स, म्हापसा
सर, रात्री बारा तासांचा खंड पडला. "तीनदा" एवढेच सांगितले की घरोघरी असेच होते, म्हणून मी 6, 2 आणि 10 असे घड्याळ गोळ्यांच्या पाकिटावर लिहून देते आणि नातेवाइकांकडून ते परत वदवून घेते. प्रत्येक गोळीबरोबर थोडे खायला द्यावे, पोटाला त्रास कमी होतो. गोळ्या किती दिवस घ्यायच्या हे मात्र डॉक्टरांनी लिहिलेलेच पाळावे.

निवासी डॉक्टर, मडगाव
अध्यापकांच्या हिशेबानंतर पहिल्या चोवीस तासांपुरते मी मत बदलतो. पण वेळ अलीकडे ओढताना नर्सने दरवेळी मला उठवावे, की आदेशातच "पहिल्या डोसपासून सहा तासांनी" असे मी लिहावे?

स्टाफ नर्स, म्हापसा
तुम्ही लिहावे. क्रिएटिनिन वाढलेले असेल तर मी तरीही उठवीन.