अनुभव धागा: हॅक झालेलं अकाउंट परत कसं मिळवलंत?

घोडबंदरची मेधा
मंडळी, आमच्या बाबांचं जीमेल हॅक झालं होतं, आत्ता परत मिळालंय पण घरात अजून धाकधूक आहे. तुमचं किंवा घरातल्या कुणाचं अकाउंट गेलं असेल तर नक्की काय केलंत, काय चाललं नि काय नाही ते इथे लिहा ना, घाबरलेल्या माणसाला शोधायला सोपं जाईल.

आमचं सांगते. बाबांच्या इनबॉक्सात अलर्ट काहीच दिसत नव्हता कारण चोराने आत शिरल्या शिरल्या तो डिलीट केला होता. पण रिकव्हरी ईमेल म्हणून माझा पत्ता दिलेला, त्यामुळे no-reply@accounts.google.com वरून मला मेल आला की रिकव्हरी फोन बदललाय. मेलमधल्या बटणाला हात न लावता ब्राउझरमध्ये स्वतः g.co/recover टाइप केलं. तोवर पासवर्ड गेला, फोनही गेला. पण गूगल बदललेला जुना नंबर लगेच फेकून देत नाही, 7 दिवसांपर्यंत त्याच नंबरवर कोड मागवता येतो, आमचं नशीब तिथे होतं. भावाने ऐरोलीच्या ऑफिसातून प्रयत्न केला तर अकाउंट तुमचंच आहे याची खात्री पटत नाही असं उत्तर आलं. मग संध्याकाळी बाबांच्याच लॅपटॉपवरून, घरच्याच वायफायवर, ते रोज वापरतात त्याच ब्राउझरमध्ये केलं, आठवत होता तो शेवटचा पासवर्डही टाकला आणि उघडलं!

वाशी स्टेशन पूर्व
मेधाताई, फेसबुकला ट्रस्टेड कॉन्टॅक्ट लावून ठेवा, 3 ते 5 मित्र निवडायचे, अडकलं की त्यांच्याकडून कोड घ्यायचे. माझ्या भाच्याचं असंच परत आलं होतं.

खारघर सेक्टर वाला
दादा, भाच्याचं तेव्हा आलं असेल पण फेसबुकने ती सोय काढून टाकली, आता शोधून सापडणार नाही. तशीच गोष्ट गूगलने ऑक्टोबर 2025 मध्ये आणलीय, रिकव्हरी कॉन्टॅक्ट नावाने, 10 जणांपर्यंत जोडता येतात. अडकलात की तुमच्या स्क्रीनवर एक नंबर येतो, तो तुम्ही त्या माणसाला फोन करून सांगायचा, त्याच्याकडे आलेल्या नंबरांतून त्याने तोच निवडायचा, 15 मिनिटांच्या आत. त्याला तुमचे मेल दिसत नाहीत, त्यामुळे घरच्यांना जोडायला संकोच नको. फक्त रात्री फोन सायलेंटवर टाकणारा माणूस निवडू नका, आणि हे आधी लावलेलं असलं तरच उपयोग, अकाउंट गेल्यावर जोडता येत नाही.

मेधा, आता एक काम आजच कर. जीमेलच्या सेटिंगमध्ये फिल्टर आणि फॉरवर्डिंग दोन्ही बघ. पासवर्ड बदलला तरी फिल्टर तसेच राहतात.

घोडबंदरची मेधा
आत्ता बघितलं, अंगावर काटा आला. फिल्टर होता! मेलमध्ये security किंवा password शब्द आला की थेट डिलीट. म्हणजे पुढचे अलर्टही बाबांना दिसले नसते. काढला, अनोळखी डिव्हाइसेसही साइन आउट केली.

नेरुळची पैठणीवाली
माझं इन्स्टाग्राम गेलं होतं. सगळे व्हिडिओ सेल्फीचं सांगतात, मान डावी-उजवी वळवायची वगैरे, पण तो अकाउंटवरच्या फोटोंशी जुळवून बघतात आणि माझ्या पेजवर नुसत्या साड्या, माझा चेहराच नाही. अशांना वेगळं विचारतात, अकाउंट उघडताना कुठला ईमेल, कुठला नंबर, कुठल्या फोनवरून उघडलं होतं. पण मला त्याची गरज पडलीच नाही, कारण ईमेल बदलला गेल्याचा मेल माझ्या जुन्या पत्त्यावर आला होता, security@mail.instagram.com वरून, त्यातल्या लिंकने बदल उलटवता आला. म्हणून तो जुना पत्ता चालू ठेवा गं बायांनो.

कोपरखैरणे काका
माझ्या नावाने, माझाच फोटो लावून कुणीतरी नातेवाईकांकडे पैसे मागतंय. पासवर्ड बदलला तरी थांबत नाही, ओळखपत्र कुठे पाठवू?

खारघर सेक्टर वाला
काका, तुमचं अकाउंट तुमच्याकडेच आहे, ते डुप्लिकेट प्रोफाइल आहे. त्या प्रोफाइलवर जाऊन तोतयागिरीचा रिपोर्ट टाका, नातेवाईकांनाही टाकायला सांगा. कुणी पैसे पाठवले असतील तर लगेच 1930 ला फोन.

घोडबंदरची मेधा
एक कोडं सुटलेलं नाही. बाबांचं टू-स्टेप चालू होतं आणि ओटीपी कुणाला दिला नाही म्हणतात, मग शिरला कसा?

खारघर सेक्टर वाला
लॅपटॉपवर फुकटचं क्रॅक सॉफ्टवेअर टाकलं होतं का? त्यातून ब्राउझरमधलं चालू लॉगिनच उचलतात, मग कोड विचारला जातच नाही.

वाशी स्टेशन पूर्व
मला नाही वाटत, सिम डुप्लिकेट काढलं असणार.

घोडबंदरची मेधा
सिम मधे बंद पडलं नव्हतं, जुन्या नंबरवर कोड आला ना. भाऊ लॅपटॉप फॉरमॅट करतोय, त्याआधी डाउनलोड फोल्डर बघून सांगते.