चर्चा: नको असताना दिवस राहिले, तर समुपदेशकाकडे जावे की घरातच ठरवावे?

रानजाई
माझ्या धाकट्या जावेचे बाळ नऊ महिन्यांचे आहे. अंगावर पाजत असल्याने तिची पाळी सुरूच झाली नव्हती आणि आता अचानक दिवस राहिल्याचे कळले. दुपारी ती ठेवायचे म्हणते, संध्याकाळी नको म्हणते, रात्रभर जागी असते. सासूबाई म्हणतात की घरातले बाहेर कशाला न्यायचे. समुपदेशक नेमके काय करतो आणि त्याने खरेच फरक पडतो का?

गावकरी
माझ्या मते फरक पडत नाही. ज्या घरात ते मूल वाढणार, त्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी आणि नवरा-बायकोने बसून ठरवावे. परक्या माणसासमोर तासभर बोलून उलट गोंधळ वाढतो. शिवाय ही माणसे गर्भपाताकडेच ढकलतात, असे ऐकले आहे.

चौकट
कायदाही पाहा. १२ आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते, पुढे दोन डॉक्टर लागतात आणि नवऱ्याची सही तर हवीच. मग समुपदेशकाचा संबंध येतो कुठे?

वाटसरू
चौकट, तुम्ही सांगता तो १२ आठवड्यांचा नियम जुना आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एकाच डॉक्टरचे मत पुरेसे आहे. नवऱ्याची सही कायद्याने कधीच लागत नव्हती. स्त्री सज्ञान असेल तर संमती तिचीच. काही दवाखाने सही मागतात हे खरे, पण ती त्यांची सवय आहे.

मी बरीच वर्षे समुपदेशनाचे काम करते. रानजाई, तुमच्या जावेची पहिली अडचण मनाची नसून तारखेची आहे. पाळी परत येण्याआधीच बीज सुटू शकते, त्यामुळे शेवटच्या पाळीवरून आठवडे मोजताच येत नाहीत. सहा आठवडे वाटतात आणि सोनोग्राफीत दहा निघतात. गोळ्यांनी गर्भपात करण्याची मर्यादा आपल्याकडे नऊ आठवड्यांची असल्याने या फरकाने पर्यायच बदलतात. हातात किती दिवस आहेत हे कळले की निम्मी घालमेल शांत झालेली मी पाहिली आहे.

त्यानंतर तिला एकटीला भेटावे; नवरा आणि सासू बाहेर. अशाच अवस्थेतली एक बाई आली होती (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) आणि आल्या आल्या "मला हे नको" म्हणाली. नेमके काय नको, हे विचारत गेल्यावर दोन गोष्टी निघाल्या. नोकरी दुसऱ्यांदा सोडणे नको होते आणि नवऱ्याच्या रात्रपाळीत एकटीने दोन लेकरे सांभाळणे नको होते. त्या दोन्हींची सोय झाली असे धरून मी पुन्हा विचारले, तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली. मग तिला सांगितले की दोन दिवस मूल ठेवायचे ठरले आहे असे धरून वागा, पुढचे दोन दिवस उलट, आणि झोप, भूक, बाळाशी वागणे यांत काय बदलते ते लिहून आणा. वहीत पहिल्या दोन दिवसांपुढे "छातीत दगड" असे होते आणि नंतरच्या दोन दिवसांपुढे "रडले, पण झोपले". तिने गर्भपात केला. याच पद्धतीने मूल ठेवायचे ठरवलेल्या बायकाही आहेत, म्हणून ढकलण्याचा आरोप मला पटत नाही. जो समुपदेशक वंध्यत्वाची भीती घालतो किंवा पहिल्याच भेटीत "करून टाका" म्हणतो, त्याच्याकडून उठून यावे.

कोरा कागद
मी कोणाकडेच गेले नव्हते. औषधाच्या दुकानातून गोळ्या आणून घेतल्या आणि तीन आठवडे रक्तस्राव थांबला नाही. शेवटी पिशवी साफ करावी लागली. निर्णय योग्यच होता, तरी त्या महिन्यात वर्षभराचे बाळ दिसले की मी रस्ता ओलांडत असे. वाईट वाटते म्हणजे चुकले, असा अर्थ मी काढत राहिले आणि तो खोडून काढणारे कोणी नव्हते.

गावकरी
तुमच्यावर गुदरले त्याचे वाईट वाटते. तरीही नवऱ्याला बाहेर बसवून असा निर्णय होणे मला पटत नाही. मूल त्याचेही आहे.

वाटसरू
त्याच्याशी बोलणे होतेच, पण नंतर आणि तिची हरकत नसेल तर. तो समोर असला की बाई बहुधा त्याचेच वाक्य बोलते. मूल जन्माला घालून दत्तकासाठी सोपवण्याचा मार्गही आम्ही सांगतो. बालकल्याण समितीपुढे सोपवल्यावर विचार बदलायला ६० दिवस असतात. विवाहित बाईला घरच्यांसमोर तो शब्द उच्चारणेही जड जाते, हे मात्र खरे.

रानजाई, एक गोष्ट विसरू नका. रात्रीची झोप दिवस राहण्याच्या आधीपासूनच गेली होती का, ते विचारा. बाळंतपणानंतरचे नैराश्य नऊ महिन्यांनीही असू शकते आणि त्यात दोन्ही वाटा सारख्याच काळ्या दिसतात. तसे असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञ गाठा. जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलली, तर एक दिवसही थांबू नका. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक रात्रीही चालतो.

रानजाई
झोप आधीपासूनच नव्हती. आम्ही ते बाळाच्या रडण्यावर घालत होतो. सोमवारी दोघी सोनोग्राफीला जात आहोत. सासूबाईंना काय सांगायचे, ते अजून ठरलेले नाही.