शब्दचर्चा: ‘दिवसाआड’ एक गोळी म्हणजे नक्की कधी?

वर्गशिक्षिका:
नाशिकमध्ये बँकेत बदलून आलेल्या अमराठी मंडळींचा मराठीचा वर्ग घेते. अक्षरओळख होऊन वर्ष झालं, आता संवाद मोठ्याने वाचायला देते. या आठवड्यासाठी गिऱ्हाईक आणि औषधवाला यांचा संवाद लिहिला. त्यातला अडलेला तुकडा:

– या लोहाच्या गोळ्या कशा घ्यायच्या?
– दिवसाआड एक. जेवणाआधी तासभर. चहाबरोबर नको.
– आणि ही पुडी?
– ती आठ दिवसांनी एकदा, दुधातून.
– मुलाला जंताची गोळी?
– एकच. चावून खायला सांगा.

एका विद्यार्थ्याने ‘दिवसा’वर थांबून मग ‘आड’ वाचलं. अर्थ विचारला तर म्हणाला, गोळी दिवसा घ्यायची, रात्री नाही. पुडी सोमवारी घेतली तर पुढची कधी, यावर सहापैकी चौघांनी उत्तर दिलं, पुढच्या मंगळवारी. हे शब्द संवादात ठेवू की ‘एक दिवस सोडून’ आणि ‘आठवड्यातून एकदा’ असं सरळ लिहू?

शब्दवेडा:
‘दिवसाआड’ अस्सल शब्द आहे, काढू नका. चुकलं आहे ते ‘आठ दिवसांनी’. आठवड्याचे दिवस सात, मग आठ कुठून आले? शिकणाऱ्यांनी बरोबर मोजलं, आपणच चुकीचं बोलतो. ‘सात दिवसांनी’ लिहा. आणि ‘औषधवाला’ काय? ‘औषधविक्रेता’ म्हणा.

माणदेशी:
आमच्याकडे उन्हाळ्यात चार दिवसांआड पाणी येतं. चार दिवस नळ कोरडा, पाचव्या दिवशी पाणी. रविवारी आलं की मधे सोम, मंगळ, बुध, गुरू आणि मग थेट शुक्रवारी. आमच्या बायकांना हा शब्द कुणी शिकवावा लागत नाही, हंडे मोजले की कळतो.

जुनी वही:
माणदेशींचं उदाहरण नेमकं आहे. ‘आड’ म्हणजे मधे येऊन झाकणारं, झाडाआड, दाराआड असतं तसं. जेवढे दिवस आड गेले तेवढेच मोजायचे, दोन्ही टोकांचे मोजायचे नाहीत. म्हणून सोमवारी गोळी घेतली तर ‘दिवसाआड’ म्हणजे बुधवार आणि ‘दोन दिवसांआड’ म्हणजे गुरुवार.

‘आठ दिवसांनी’ची मोजणी मात्र दुसऱ्या जातीची आहे. तिथे आजचा दिवसही धरतात. सोमवार पहिला, मंगळवार दुसरा, असं करत पुढचा सोमवार आठवा. ‘पंधरा दिवसांनी या’ म्हणतो तेव्हाही चौदा दिवसांनी त्याच वारी जातो. वैद्यकातला तृतीयक ज्वर असाच. नावात तीन असले तरी तो येतो एक दिवस सोडून, कारण आलेला दिवस पहिला धरला की पुढची पाळी तिसऱ्या दिवशी पडते. तेव्हा शब्दवेडा, ही चूक नाही, मोजायची जुनी रीत आहे. खुद्द ‘आठवडा’ शब्दातही आठच बसलेत, ते कसे काढणार?

शब्दवेडा:
‘आठवडा’ आठवडी बाजारावरून आला असं माझे वडील सांगायचे.

जुनी वही:
असेल, पण बाजार तरी सातव्या दिवशीच भरतो. आठ आलेच की नाही?

गल्ल्यामागची:
बावीस वर्षं मेडिकलच्या गल्ल्यामागे उभी आहे. ताई, तुमच्या संवादातलं ‘आठ दिवसांनी एकदा’ वाचून पोटात गोळा आला, म्हणून लिहिते.

मेथोट्रेक्सेट नावाची गोळी आहे, संधिवातात देतात. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. पूर्वी एकदा काउंटरवरून सांगितलं, ‘आठ दिवसांनी एक’. काकूंना ऐकू आलं, ‘आठ दिवस, एक’. आठवडाभराने त्या तोंड आल्यावर लावायचं मलम मागायला आल्या. तोंड कशाने आलं म्हणून पट्टी बघायला मागितली, तर सात गोळ्या संपलेल्या. तशीच त्यांना डॉक्टरांकडे पाठवली. वेळेत उपचार झाले, काकू बऱ्या झाल्या.

तेव्हापासून मी ‘आठ दिवसांनी’ म्हणत नाही आणि ‘आठवड्यातून एकदा’वरही भागवत नाही. वार विचारते. ‘कुठल्या वारी घ्याल?’ गिऱ्हाईक म्हणालं ‘सोमवारी’, की पाकिटावर ठळक लिहिते, ‘फक्त सोमवारी’. मग म्हणते, ‘आता मला सांगा, कशी घ्यायची?’ त्यांच्या तोंडून बरोबर आलं की पाकीट हातात देते. लोहाच्या गोळीलाही ‘सोम, बुध, शुक्र’ लिहिलं तरी चालतं. दिवसाआडच्या हिशेबात पुढच्या आठवड्यात वार बदलतात आणि लोक गोंधळतात.

वर्गशिक्षिका:
हे फार मोलाचं सांगितलंत. म्हणजे उलट सांगायला लावणं हाच संवादाचा शेवट करता येईल:

– आता मला सांगा, पुडी कधी घ्यायची?
– दर सोमवारी एक, दुधातून.

आणि अर्थही वर्गातच तपासला जाईल. पण मग ‘दिवसाआड’ शिकवायचंच नाही का? दुकानात सगळेच तुमच्यासारखे वार सांगणारे नसतात, तो शब्द कानावर पडणारच.

गल्ल्यामागची:
ऐकून कळलं पाहिजे, हे खरं. म्हणून तो गिऱ्हाइकाच्या तोंडी द्या: ‘दिवसाआड म्हणजे आज घेतली की परवा, ना?’

शब्दवेडा:
‘परवा’ तर आणखी घोळ घालेल. परवा गेला की परवा येणार?

माणदेशी:
‘घेतली की परवा’ म्हटल्यावर मागचा परवा कसा होईल? एवढं कळतंय की.

वर्गशिक्षिका:
परवा चालेल. मला उच्चाराचं जास्त अडतंय. ‘चार गोळ्या’ आणि ‘चावून’ यातला च वेगळा, हे त्यांना लिहिलेलं बघून कळत नाही. ते दोन्हीकडे ‘चहा’तलाच च वाचतात.

शब्दवेडा:
सोपा नियम आहे. संस्कृत शब्दातला च तालव्य, मराठमोळ्या शब्दातला दंततालव्य. ‘चावणे’ मराठी, म्हणून तसा.

जुनी वही:
तत्समांपुरता नियम ठीक. पण ‘चार’ तत्सम नाही, तरी तालव्यच. जुन्या कागदांत तो ‘च्यार’ असा लिहिलेला सापडतो. लेखणीतून य गेला, पण उच्चारात तो उरला आहे. ‘चहा’चंही मूळ संस्कृत नाही. तेव्हा असे शब्द एकेक करून कानानेच घ्यावे लागतात.

गल्ल्यामागची:
आमच्या दुकानात रोज येणारी जोडी सांगते. ‘जंत’ आणि ‘जंतू’. जंताची गोळी मागताना ज एक, जंतुनाशक मागताना दुसरा. तुमच्या संवादात जंत आहेच, पुढे एक जंतुनाशकाची बाटली घाला.

माणदेशी:
आमच्याकडे काही म्हातारी माणसं दोन्हीकडे एकच ज म्हणतात. दुकानदाराला कळतं.

शब्दवेडा:
कळतं म्हणून ते बरोबर होत नाही.

वर्गशिक्षिका:
उद्या दोन्ही एकाच वाक्यात देऊन बघते: ‘जंताची एक गोळी आणि जंतुनाशकाची लहान बाटली द्या.’ पण ‘बाटली’ की ‘शिशी’, कोणी सांगाल का? माझ्या सासूबाई शिशीच म्हणतात.